फळीवर वंदना चढली कशी?

गणपती जवळ आले की तो फॉरवर्ड ठरल्या वेळी येतोच. 'फळीवर वंदना', 'दीपक जोशी नमोस्तुते', 'ओटी शेंदुराची', 'सुरवंट्या येती' अशी आरत्या-श्लोकांतल्या चुकीच्या ऐकलेल्या शब्दांची यादी, शेवटी हसून लोटपोट झालेले चेहरे, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, 'आजकाल कुणाला शुद्ध मराठी येतच नाही.' माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे. 'फळीवर वंदना' ऐकू यायला मराठी चांगलं मुरलेलं असावं लागतं. ज्याला मराठीचा गंध नाही त्याला तिथे फळीही दिसणार नाही आणि वंदनाही नाही, नुसते आवाज ऐकू येतील.

हे एकच उदाहरण नीट उलगडून बघू, कारण या प्रकारातलं सगळं त्यात सापडतं.

मूळ शब्द फणिवरबंधना. फणी म्हणजे नाग, फणिवर म्हणजे नागांमधला श्रेष्ठ, आणि तो ज्याने कमरेला बांधला आहे तो गणपती. आता दोन्ही रूपं एकाखाली एक ठेवा:

फ णि व र बं ध ना
फ ळी व र वं द ना

दोन्हीकडे अक्षरं सात. स्वर जवळपास तेच, त्याच क्रमाने. बदललीत फक्त तीन व्यंजनं. ण चा ळ झाला, पण दोन्ही मूर्धन्य, जीभ टाळूकडे वळते ती तशीच. ब चा व झाला, दोन्हीत ओठांचंच काम. ध चा द झाला, म्हणजे दाताची जागा तीच, फक्त मागची हवेची फुंकर गेली. तोंडाच्या बाजूने बघितलं तर हा शब्द जेमतेम हलला आहे.

स्वर टिकले आणि व्यंजनं गेली याचं कारण साधं आहे. गाताना आपण स्वर ओढतो. ते मोठे असतात, लांब असतात. व्यंजन म्हणजे निमिषभराचा अडथळा, त्याचा आवाज मुळातच बारीक. त्यात आरतीला झांजा वाजत असतात. झांजेचा आवाज उंच पट्टीतला आणि पसरट, ध ची फुंकर किंवा श-स चा सूर जिथे असतो त्याच भागात तो जाऊन बसतो. वीस माणसांच्या कोरसमध्ये झांजेच्या पलीकडून कानापर्यंत पोचतो तो स्वरांचा सांगाडा. उरलेलं मांस मेंदू भरतो.

हे 'मेंदू भरतो' प्रकरण प्रयोगात पकडलं गेलं आहे. १९७० साली रिचर्ड वॉरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एका ध्वनिमुद्रित इंग्रजी वाक्यातल्या 'लेजिस्लेचर्स' या शब्दातला 'स' कापून काढला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज चिकटवला. तुकडा होता सुमारे ०.१२ सेकंदाचा. २० जणांना वाक्य ऐकवून विचारलं, काही गाळलेलं वाटलं का? १९ जण नाही म्हणाले. एकाला काहीतरी गेलंय असं वाटलं, पण त्याने दाखवलेला आवाज चुकीचा होता. खोकला शब्दात नेमका कुठे आला हेही लोकांना धड सांगता आलं नाही. गंमत अशी की त्या जागी खोकल्याऐवजी निव्वळ शांतता ठेवली की भोक लगेच कळतं. म्हणजे मेंदू रिकामी जागा भरत नाही, झाकलेली जागा भरतो. आवाजाखाली काहीतरी होतंच असं तो धरून चालतो. आपल्याकडे खोकल्याचं काम झांज करते.

वॉरनने पुढे आणखी एक खेळ केला. तो मराठीत करायचा तर असा होईल. '(खॉक्)ात घासले', '(खॉक्)ात शिजला', '(खॉक्)ात पेटवली'. पहिल्यात दात ऐकू येईल, दुसऱ्यात भात, तिसऱ्यात वात. कानावर पडलेला तुकडा तिन्हीकडे तोच, आणि निर्णय देणारा शब्द खोकल्याच्या नंतर येतोय. तरी ऐकणाऱ्याला 'आधी अर्धवट ऐकलं, मग जुळवलं' असं जाणवत नाही. त्याला सरळ भातच ऐकू येतो. म्हणून 'अरे, नीट ऐकत जा' हा सल्ला इथे कुचकामी आहे. नीट ऐकायला जे उरतं ते आधीच भरून आलेलं असतं.

आता प्रश्न उरतो की फळीच का? फणीच का नाही? 'फणीवर' हासुद्धा मराठी शब्द आहे, केस विंचरायची फणी घरोघरी असते. पण फणीवर कुणी काही ठेवत नाही. फळीवर डबे असतात, बरण्या असतात, देवसुद्धा असतात. '-वर' या प्रत्ययाच्या मागे कुठला शब्द यायची सवय आहे, यावर मेंदू पैज लावतो, आणि फळी ती पैज सहज जिंकते. खरी मेख या 'वर'मध्येच आहे. मुळात तो संस्कृतातला 'श्रेष्ठ'. मराठी कानाला तो टेबलावर, खांद्यावर, फळीवर यातला 'वर' वाटतो, आणि शब्द तिथेच तुटतो. चालही तिथेच मोडते, फणिवर म्हटलं की क्षणभर टेकून मग बंधना. एकदा 'फळीवर' सुटं झालं की उरलेल्या 'बंधना'ला स्वतःच्या जिवावर उभं राहावं लागतं, आणि मराठीत बंधना नावाचा शब्द सुटा फिरत नाही. वंदना फिरते, शेजारच्या इमारतीतसुद्धा राहते.

वर आणखी एक आयता पुरावा त्याच कडव्यात पडलेला आहे. त्या कडव्याचा शेवट 'निर्वाणी रक्षावे सुरवरवंदना' असा आहे. म्हणजे 'वरवंदना' हे अगदी असंच तीन ओळी खाली खरोखर येतं, आणि तेही ओळीच्या शेवटी. ज्याने आरती शंभरदा म्हटली आहे त्याच्या डोक्यात तो साचा तयार असतो. पहिल्या ओळीतल्या धूसर जागी तो जाऊन बसला तर नवल काय?

मग अर्थ आडवा का येत नाही? फळीवर वंदना काय करतेय असा प्रश्न पडायला हवा. पण त्या ओळीत क्रियापदच नाही. लंबोदर, पीतांबर, ही नुसती विशेषणांची रांग आहे. वाक्य असतं तर व्याकरणाने चूक पकडली असती. रांगेत कुणीही घुसू शकतं.

'दीपक जोशी'चं काम याहून नाजूक आहे. दीपज्योती म्हणताना चार ठोके पडतात, दी-प-ज्यो-ती. दी-पक्-जो-शी म्हणा, ठोके चारच. वाढलेला क् स्वतःचा ठोका मागत नाही. शिवाय ज च्या आधीचा क् म्हणजे जवळजवळ नुसता घसा बंद केल्याचा क्षण, तो आहे की नाही हे कानाला सांगणं अवघडच. ती-शी मध्ये ई कायम. आणि गंमत बघा, जोशी हा शब्द आला ज्योतिषीवरून, ज्योतिषी आला ज्योतीच्याच घरातून. पोरांनी चुकून ज्योतीच्या नातेवाइकालाच नमस्कार केला.

कुरवंड्यांचं कारण मात्र सरळ आहे. कुरवंडी म्हणजे ओवाळणी, हा शब्द रोजच्या बोलण्यातून गेला. डोक्यातल्या कोशात जे नाही ते सहसा ऐकू येत नाही, मग त्यातल्या त्यात जवळचा सुरवंट हजर होतो.

आता दुसऱ्या जातीचं मीम. ओळखीचं उदाहरण म्हणजे 'बेनी लावा'. २००० साली आलेल्या एका तमिळ चित्रपटातलं प्रभुदेवाचं गाणं, त्यावर २००७ मध्ये एका अमेरिकन माणसाने ऐकू येतील तशी इंग्रजी वाक्यं खाली टाकली. मूळ ओळ 'कल्लूरि वानिल काय्न्द निलावो'. कल्लूरि म्हणजे कॉलेज, वानिल म्हणजे आकाशात, निला म्हणजे चंद्र. खाली अक्षरं उमटतात 'माय लूनी बन इज फाइन, बेनी लावा', आणि तेच ऐकू येतं. पण डोळे मिटून ऐका. लूनी बन गायब होतो.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. फळीवरची वंदना माणसांना कुणी न सांगता, गावोगाव आपली आपण सापडली. बेनी लावा अक्षरांनी कानात घातला गेला. १९८५ साली वोकी आणि रीड या कॅनडातल्या दोघांनी उलटी वाजवलेली ध्वनिफीत लोकांना ऐकवली, तेव्हा गाण्यांत उलटे सैतानी संदेश असतात अशी ओरड होती. आपणहून कुणाला काही धड कळलं नाही. अमुक वाक्य आहे, ऐका, असं सांगितलं की ते ऐकू यायला लागलं.

अशी मीम बनवणाऱ्यांची कारागिरी बघितली की हेच दिसतं. आधी ओळीतले स्वर कागदावर उतरवतात, ठोके मोजतात, मग त्या सांगाड्यावर चढतील असे शब्द शोधतात. शब्द डोळ्यांपुढे उभे राहणारे हवेत. म्हैस चालते, 'परिस्थिती' चालत नाही. अक्षरं आवाजाच्या किंचित आधी पडद्यावर यावी लागतात. उशिरा आली तर कानाने आपला निर्णय घेतलेला असतो आणि विनोद पडतो. एक ठोका कमी-जास्त झाला तरी पडतो. आणि मूळ भाषा येणाऱ्यावर तर सहसा चालतच नाही. तमिळ माणसाला कॉलेजच ऐकू येतं.

एखादं मीम कुठल्या जातीचं हे तपासायचं असेल तर स्क्रीन झाका, तीन-चार जणांना, ज्यांनी ते पाहिलेलं नाही अशांना, फक्त आवाज ऐकवा आणि एकमेकांचं न बघता लिहायला सांगा. वेगवेगळं लिहिलं तर करामत अक्षरांची. दोघांनी जवळपास तेच लिहिलं तर आवाजातच काहीतरी आहे.

आणि घरातल्या पोराची वंदना फळीवरून उतरवायची असेल तर पुन्हा पुन्हा ऐकवून उपयोग नाही, दर वेळी ती अधिक घट्ट बसते. छापील ओळ दाखवा, फणी म्हणजे नाग हे सांगा, मूर्तीच्या पोटावरचा नाग बोटाने दाखवा, आणि चाल न लावता फणि-वर-बंधना असं तोडून दोन-चारदा म्हणून घ्या. चाल नंतर. तरी कोरसमध्ये ते पुन्हा घसरेल, कारण तिथे 'फळीवर' म्हणणाऱ्याचा आवाज 'फणिवर'मध्ये विरून जातो आणि चूक कुणाच्याच कानाला टोचत नाही.

जी चूक अर्थात बसते तिचं तर काहीच करता येत नाही. 'संकटी पावावे'चं 'संकष्टी पावावे' कितीतरी मोठी माणसं खणखणीत म्हणतात. गणपती आहे, संकष्टी आहे, पावायला सांगितलंय, सगळं जुळतंय. वंदनेवर दर वर्षी मीम येतं, ही मात्र आरामात पुढच्या गणपतीपर्यंत जाते.