पणजोबांचे सतरा ग्रॅम

आमच्या जुन्या वस्तूंच्या छंदमंडळाचा एक नियम आहे. वस्तू घेऊन नुसते ‘हे काय आहे हो?’ असे विचारायचे नाही. आधी तिचे लेखी वर्णन द्यायचे, त्यात धातू, मापे, वजन, खुणा आणि सापडण्याची जागा नोंदवायची, आणि मगच सभासदांना ओळख पटवण्याची विनंती करायची. नियम चांगला आहे. तो पाळताना घरात काय काय घडते याचा विचार नियम करणाऱ्यांनी केला नसावा, एवढीच माझी तक्रार आहे.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घराचा माळा आवरताना एका फुटक्या बरणीत मला धातूची एक जाड, गोल चकती मिळाली. व्हर्नियर लावून पाहिले तेव्हा तिचा व्यास ४४ मिलिमीटर आणि जाडी १८ मिलिमीटर भरली. रंग काळपट पिवळा होता आणि लोहचुंबक तिला अजिबात चिकटत नव्हते. वरच्या बाजूला इंग्रजी आकड्यांत ‘वीस’ आणि त्यापुढे झिजून गेलेली काही अक्षरे होती. खालच्या बाजूला मधोमध सात मिलिमीटर व्यासाचा एक करडा ठिपका होता, ज्यावर बारीक खुणा एकावर एक ठोकलेल्या होत्या. एवढे मी कागदावर उतरवतो आहे तोच माझ्या आत्यांनी ती वस्तू उचलून चिंच-मिठाच्या पाण्याकडे नेली. पितळ दिसले की ते घासलेच पाहिजे, अशी त्यांच्या पिढीची शिस्त आहे, आणि घासण्याने झिजलेली अक्षरे कायमची जातात हे त्यांना पटवणे हा माझ्या मते या संपूर्ण संशोधनाचा सर्वांत खडतर टप्पा होता. शेवटी खोलीत अंधार करून, बॅटरी अगदी आडवी धरून आणि पातळ कागदावर शिसपेन्सिल घासून मी खुणांचा छाप घेतला. तेवढ्या वेळात आत्यांनी तीनदा दार वाजवून, ‘आत काय चाललंय?’ अशी चौकशी केली.

वर्णन मंडळात वाचले गेले आणि तर्कांना ऊत आला. एका सभासदाने ‘वीस’ म्हणजे साल १९२० असा निर्वाळा दिला. पन्हाळ्यावर दर रविवारी जाणाऱ्या सभासदाला कोणत्याही जड वस्तूत तोफ दिसते. तोफेचा गोळा चपटा नसतो, हे लक्षात आणून दिल्यावर त्यांनी तो ‘दबला असेल’ असे सुचवले. उद्यमनगरात हयात घालवलेल्या एका निवृत्त टर्नरांनी हा ऑइल इंजिनाचा भाग आहे, असे छातीवर हात ठेवून सांगितले. त्याला ना आटे आहेत, ना आरपार भोक, ना कशात बसवायला खोबण, मग तो इंजिनात करतो काय, या प्रश्नावर ते म्हणाले, ‘जुनी इंजिनं तुम्ही बघितली न्हाईत.’ हे खरेच होते, त्यामुळे मी गप्प बसलो.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, ‘अहो, काट्याला लावा की एकदा!’

आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्याला वर्णनात नोंदवण्याची योग्यता नसल्यामुळे मी वस्तू घेऊन गुजरीत गेलो. तिथल्या सराफांनी ती काट्यावर ठेवली आणि २३२.५ ग्रॅम असा आकडा आला. शाळेतल्या मोजपात्रात पाणी घेऊन ती बुडवली तेव्हा पाणी साडेसत्तावीस मिलिलिटरने चढले. वजनाला या आकड्याने भागले की दर घनसेंटिमीटरला साधारण साडेआठ ग्रॅम येतात, आणि पितळ तेवढेच भरते. धातूचा प्रश्न तिथे मिटला. सराफांनी मात्र सवयीने हिशेब केला, ‘तेवीस तोळे, वर अडीच ग्रॅम.’ सोने असते तर मी याहून मोठा लेख लिहिला असता. पण वजनासाठी कुणी तेवीस तोळे आणि वर अडीच ग्रॅमचे पितळ ओतत नाही, त्यामुळे हा आकडा मला काहीच सांगेना.

उलगडा झाला तो तोळा बदलल्यावर. सराफी पेढीवर आज दहा ग्रॅमचा तोळा धरतात, तर जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता. त्याने भागले की २३२.५ ग्रॅमचे १९.९३ तोळे होतात, म्हणजे जवळजवळ वीस. चकतीवरचा ‘वीस’ हा आकडा साल नव्हता आणि चकती तोफेचा गोळाही नव्हती. ऐंशी तोळ्यांचा शेर, त्याचा चौथा हिस्सा वीस तोळे, म्हणजे हे पावशेराचे वजन. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात उतरली, तेव्हा हे वजन तागडीतून निवृत्त होऊन आमच्या माळ्यावर चढले असावे. पणजोबांचे लक्ष्मीपुरीत किराणा दुकान होते, ही माहिती आत्यांनी नेमकी आता पुरवली. आधी का सांगितली नाही, असे विचारल्यावर ‘तू वस्तूबद्दल विचारत होतास, दुकानाबद्दल नाही,’ असे उत्तर मिळाले.

मंडळात हे वाचून दाखवताच एका सभासदाने शांतपणे बाँब टाकला. पावशेर म्हणजे अडीचशे ग्रॅम, हे भरते २३२.५, म्हणजे तुमचे पणजोबा प्रत्येक गिऱ्हाइकाला साडेसतरा ग्रॅमने बुडवत होते! आज भाजीवाला अडीचशे ग्रॅमला पावशेर म्हणतो हे खरे, पण शेर कधीच किलोचा नव्हता. तो ९३३ ग्रॅमचा होता आणि त्याचा पाव २३३.२८ ग्रॅम. साडेसतरापैकी पावणेसतरा ग्रॅम असे परत मिळवले, तरी पाऊण ग्रॅमची तूट उरलीच, आणि आत्या ती ऐकून जेवेनात.

पणजोबांची सुटका त्या करड्या ठिपक्याने केली. पितळी वजन मुद्दाम किंचित हलके ओततात, तळाच्या खळग्यात शिसे भरून ते नेमके करतात आणि तपासनीस त्या शिशावरच शिक्का मारतो. पुढच्या तपासण्यांचे शिक्केही तिथेच पडतात. कुणाला वजन हलके करायचे असेल तर खिळ्याने शिसे कोरणे हा सोपा मार्ग, पण मग शिक्का फुटतो. सात मिलिमीटरच्या खळग्यातून पाऊण ग्रॅम शिसे काढायचे तर जवळजवळ दोन मिलिमीटर खोल खड्डा पडेल. आमच्या वजनाचे शिसे काठोकाठ आहे आणि पेन्सिलीच्या छापात खुणा अखंड उमटल्या आहेत. याउलट कडा मात्र गुळगुळीत झाल्या आहेत आणि वरची अक्षरे पुसली आहेत. म्हणजे पाऊण ग्रॅम गेले ते तागडीच्या घर्षणात आणि, मला दाट शंका आहे, आमच्या घरातल्या चिंच-मिठात.

मंडळाच्या वहीत आता ‘पावशेर, पितळी, शिसे शाबूत’ अशी नोंद झाली आहे. टर्नरसाहेबांनी तिच्यापुढे ‘इंजिनाचा भाग असण्याची शक्यता’ हे शब्द घालावेत, असा लेखी अर्ज दिला आहे, आणि नियमानुसार तो पुढच्या बैठकीत वाचावा लागणार आहे.