केंद्राभोवतीच्या कोनांवरून प्लॉटची हद्द ठरत नाही

«कोपऱ्यांचे बिंदू कोणत्याही क्रमाने मिळाले तरी चिंता नाही. सगळ्या बिंदूंची सरासरी काढून तिला केंद्र माना, प्रत्येक बिंदूचा कोन atan2 ने काढा आणि बिंदू चढत्या क्रमाने लावा. आकार कसाही असो, घड्याळाच्या दिशेने बरोबर बहुभुज मिळतो. अक्षांश-रेखांश असतील तर मात्र आधी मीटरमध्ये बदला, नाहीतर क्रम बिघडेल. खात्री हवी असेल तर रेषा एकमेकींना छेदत नाहीत एवढे तपासा. छेदत नसतील तर आकार बरोबर आहे.»

वरच्या सल्ल्यातली सर्वांत मोठी चूक आकाराबद्दलची आहे, म्हणून आधी तीच पाहू. इंग्रजी एल अक्षरासारखा एक प्लॉट घ्या. नैर्ऋत्येचा कोपरा शून्य मानून पूर्वेकडचे आणि उत्तरेकडचे अंतर मीटरमध्ये लिहिले, तर त्याचे सहा कोपरे असे आहेत: क (०, ०), ख (४०, ०), ग (४०, १०), घ (१०, १०), च (१०, ३०) आणि छ (०, ३०). हद्द याच क्रमाने फिरते. दक्षिणेला ४० बाय १० मीटरचा पट्टा आहे आणि त्याच्या पश्चिम टोकावर १० बाय २० मीटरचा तुकडा उत्तरेकडे गेला आहे. एकूण क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर, म्हणजे सहा गुंठ्यांना किंचित कमी. घ हा आत वळलेला कोपरा आहे.

आता हे सहा बिंदू क्रमांकाशिवाय हाती आले, असे समजू. त्यांची सरासरी (१६.६७, १३.३३) येते. हा बिंदू प्लॉटच्या आत नाहीच, तो एलच्या खाचेत, म्हणजे शेजाऱ्याच्या जमिनीत पडतो. तेथून पाहिल्यास घ चा कोन उणे १५३.४ अंश, क चा उणे १४१.३, ख चा उणे २९.७, ग चा उणे ८.१, च चा १११.८ आणि छ चा १३५ अंश येतो. चढत्या क्रमाने लावल्यावर घ, क, ख, ग, च, छ असा फेरा तयार होतो. खऱ्या हद्दीत घ हा ग आणि च यांच्या मध्ये आहे, या फेऱ्यात तो छ आणि क यांच्या मध्ये जाऊन बसला आहे. परिणामी ग पासून च पर्यंत एक तिरकी रेषा निघते, शेजाऱ्याचा ३०० चौरस मीटरचा त्रिकोण प्लॉटमध्ये येतो, आणि पश्चिमेच्या सरळ हद्दीत १५० चौरस मीटरची खाच पडते. क्षेत्रफळ ७५० चौरस मीटर भरते. म्हणजे जवळपास दीड गुंठा जमीन वाढली, आणि उरलेल्या आकाराची जागाही बदलली.

येथे बहुतेक जण सुचवतात की बिंदूंची सरासरी घेण्याऐवजी आकृतीचा खरा क्षेत्रमध्य घ्यावा. या सूचनेत दोन अडचणी आहेत. क्षेत्रमध्य काढण्यासाठी हद्दीचा क्रम आधीच माहीत असावा लागतो, आणि तोच तर आपल्याकडे नाही. शिवाय या प्लॉटचा क्षेत्रमध्य (१५, १०) येतो, तो ग–घ या हद्दीवरच पडतो, आणि त्याच्याभोवती कोन लावले तरी तोच चुकीचा फेरा मिळतो. केंद्र म्हणून (५, ५) घेतले तर मात्र खरा क्रम अचूक मिळतो, कारण तेथून सहाही कोपरे आणि त्यांना जोडणाऱ्या सगळ्या बाजू अडथळ्याशिवाय दिसतात. कोनानुसार लावण्याची कृती नेमकी एवढ्याच अटीवर चालते: निवडलेल्या केंद्रातून संपूर्ण हद्द थेट दिसली पाहिजे. बहिर्वक्र आकृतीत, म्हणजे ज्या आकृतीचा एकही कोपरा आत वळलेला नाही तिच्यात, आतला कोणताही बिंदू ही अट पुरी करतो. एल आकृतीत ती केवळ नैर्ऋत्येच्या १० बाय १० मीटरच्या चौकोनात पुरी होते. मधे चौक सोडून तीन बाजूंनी काटकोनात बांधलेल्या, यू आकाराच्या इमारतीत तर असे केंद्र कोठेच नसते. आणि आपल्या प्लॉटमध्येही (५, ५) हे केंद्र योग्य आहे हे आपल्याला कळते ते आकार आधी ठाऊक असल्यामुळे, बिंदूंवरून नव्हे.

यामागचे कारण सूत्रातल्या एखाद्या चुकीपेक्षा खोल आहे. या सहा बिंदूंपैकी पाच बाहेरच्या कडेवर आहेत आणि घ आत आहे. बाहेरच्या पाचांचा क्रम एकच असू शकतो. घ मात्र पाचपैकी कोणत्याही दोन शेजारी बिंदूंच्या मध्ये घालता येतो, आणि पाचही वेळा स्वतःला न छेदणारी, नीटस आकृती तयार होते. त्या पाच आकृत्यांची क्षेत्रफळे चढत्या क्रमाने ६००, ७००, ७५०, ७५० आणि ८०० चौरस मीटर भरतात. सहा दगड तेच आणि प्लॉट पाच. यांतला खरा कोणता, हे केवळ निर्देशकांवरून ठरवणे कोणत्याही गणिताला शक्य नाही, कारण ती माहिती निर्देशकांमध्ये नाहीच. अधिक चांगले केंद्र किंवा अधिक हुशार क्रमवारी शोधण्यात वेळ घालवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे असे मला कळकळीने वाटते.

यावरून त्या सल्ल्याच्या शेवटी सांगितलेल्या, रेषा छेदतात का पाहण्याच्या तपासणीचे काय होते तेही उघड होते. ती तपासणी निरुपयोगी आहे, आणि तिच्यामुळे खोटी खात्री मिळते, म्हणून ती अधिक घातक आहे. सगळे बिंदू एकाच रेषेत नसतील, तर त्यांची सरासरी नेहमी त्यांच्या बाहेरच्या वेढ्याच्या आतच असते. अशा बिंदूभोवती फिरत, एकेका कोनावर एकच बिंदू घेत गेले, की तयार होणारी आकृती स्वतःला छेदूच शकत नाही. म्हणजे ही कृती चुकली तरी तिचे उत्तर दिसायला निर्दोषच असते. वरचा ७५० चौरस मीटरचा प्लॉट पोस्टजीआयएसमध्ये ST_IsValid ला दिला, तर उत्तर होकारार्थीच येईल. एकमेकींना छेदणाऱ्या रेषा दिसल्या असत्या तर निदान कोणी थांबून विचार तरी केला असता.

दुसरी एक तपासणी मात्र खरोखर उपयोगाची आहे. क्रम लावून झाल्यावर प्रत्येक कोपऱ्यावर वळण कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. त्यासाठी येणाऱ्या आणि जाणाऱ्या बाजूंचा सदिश गुणाकार घ्यावा. सगळी वळणे एकाच बाजूची असतील, तर बिंदू बहिर्वक्र स्थितीत आहेत, त्यांच्यातून न छेदणारी एकच आकृती शक्य आहे आणि मिळालेले उत्तर निःशंकपणे वापरता येते. एक जरी वळण उलटे निघाले, तरी एकाहून अधिक आकृत्या शक्य आहेत असे समजून तेथेच थांबावे. आपल्या उदाहरणात छ–घ–क या वळणाचा गुणाकार उणे ३०० येतो आणि बाकी सगळे धन येतात, म्हणजे इशारा तत्काळ मिळतो.

दिशेबद्दलचे विधानही जसेच्या तसे खरे नाही. atan2(dy, dx) हा कोन पूर्वेपासून उत्तरेकडे वाढतो. उत्तर वर असलेल्या नकाशावर चढता क्रम म्हणूनच घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. हे विधान पसरण्याचे कारण बहुधा संगणकाचा पडदा असावा, कारण प्रतिमांमध्ये y वरून खाली वाढतो, त्यामुळे तोच क्रम डोळ्यांना घड्याळाच्या दिशेने दिसतो. स्कॅन केलेल्या कागदाचे चार कोपरे लावणाऱ्याला जे बरोबर मिळते, तेच नकाशावर काम करणाऱ्याला उलटे मिळते. नकाशावर घड्याळाची दिशा हवी असेल, तर सर्वेक्षणात दिगंश मोजतात तसा, उत्तरेपासून पूर्वेकडे वाढणारा कोन घ्यावा, म्हणजे दोन पदांची अदलाबदल करावी:

```python
q = sorted(p, key=lambda t: math.atan2(t[0]-cx, t[1]-cy))
```

येथे t[0] पूर्वेकडचे अंतर आहे आणि t[1] उत्तरेकडचे. फेरा दक्षिणेपासून सुरू होऊन पश्चिमेकडे वळतो. तयार फेऱ्याची दिशा पडताळण्यासाठी चिन्हासह क्षेत्रफळ पुरते: x[i]*y[i+1] - x[i+1]*y[i] या पदांची बेरीज धन असेल तर फेरा घड्याळाच्या उलट आहे, ऋण असेल तर घड्याळाच्या दिशेने. ही गोष्ट किरकोळ नाही. शेपफाइलमध्ये बाहेरची हद्द घड्याळाच्या दिशेने लागते, तर जिओजेसनच्या २०१६ च्या मानकात ती उलट दिशेने सांगितली आहे. आणि आकृती थेट पृथ्वीगोलावर मानणारी काही साधने उलटा फेरा मिळाल्यास प्लॉट सोडून उरलेली सगळी पृथ्वी असा त्याचा अर्थ घेतात.

अक्षांश-रेखांशांची भीती मात्र अनाठायी आहे. पुण्याच्या आसपास रेखांशाचा एक अंश सुमारे १०५.६ किलोमीटर भरतो आणि अक्षांशाचा सुमारे ११०.७ किलोमीटर. आकृती त्यामुळे एका बाजूने किंचित ताणली जाते, कोन एखाददुसऱ्या अंशाने बदलतात, पण सरासरीही त्याच प्रमाणात सरकते आणि तिच्याभोवतीचा बिंदूंचा क्रम बदलत नाही. प्लॉटएवढ्या लहान क्षेत्रात मीटरमध्ये रूपांतर क्षेत्रफळासाठी हवे, क्रमासाठी नको. खरा धोका अदलाबदलीचा आहे. जोडीत अक्षांश आधी लिहिला असेल आणि त्यालाच x समजले, तर आकृती आरशातल्यासारखी उलटते आणि फेऱ्याची दिशाही उलटते.

मग क्रम हरवलेला असेल तर काय करावे? मोजणीच्या वेळी रोव्हर घेऊन हद्दीवरून ज्या ओळीने फिरलो त्या ओळीचे बिंदू क्रमांक किंवा नोंदीची वेळ बहुतेकदा मूळ फाइलमध्ये शिल्लक असते. ती आधी शोधावी, आणि मधेच सुटलेला दगड शेवटी घेतला होता का हेही विचारावे. ते नसेल तर बाजूंची टेपने मोजलेली लांबी कामी येते. आपल्या प्लॉटवर ग–घ ही बाजू ३० मीटर आहे एवढे कळले, तरी पाचपैकी दोनच आकृत्या उरतात, ६०० चौरस मीटरची आणि ७५० च्या दोनपैकी एक. घ–च ही बाजू २० मीटर असल्याची दुसरी नोंद मिळाली की खरी आकृती निश्चित होते. उलट, कोनांवरून मिळालेल्या फेऱ्यात ग–च ही बाजू ३६.०६ मीटरची आणि छ–घ ही २२.३६ मीटरची निघते, आणि जागेवर अशा लांबीची एकही बाजू टेपला सापडत नाही.