फोटो दाखवला की देऊन टाकला?

“एआयला फोटो दाखवला तर तो फक्त बघतो आणि विसरतो. चॅट डिलीट केलं की फोटोही गेला. मग रक्ताचा रिपोर्ट दाखवायला भीती कसली?”

मंडळी, आपल्या क्लबच्या ग्रुपवर हा मेसेज बऱ्याच जणांनी पुढे पाठवला, म्हणून आज बोलतोय.

घोळ ‘दाखवला’ या शब्दातच आहे. शेजाऱ्याला रिपोर्ट दाखवला की घडी घालून आपण तो पुन्हा पिशवीत ठेवतो. इथं तुम्ही पाठवायचं बटण दाबलंत की फोटोची प्रत इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकावर जाते. म्हणजे झेरॉक्स काढून हातात दिल्यासारखंच. खात्री करायची असेल तर दोन दिवसांनी तेच चॅट उघडा, फोटो तिथंच दिसेल.

डिलीट केल्यावर तुमच्या पडद्यावरून तो जातो. चॅटजीपीटीची कंपनी स्वतःच सांगते, की तिच्या संगणकांवरून तो जायला 30 दिवसांपर्यंत लागू शकतात, शिवाय कायद्याच्या कारणानं थांबावंही लागतं. 2025 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या न्यायालयानं एका खटल्यात याच कंपनीला डिलीट केलेली संभाषणंही जपून ठेवायला लावली होती. ती अट काही महिन्यांनी उठली, पण तोवर लोकांनी पुसलेलं पुसलं गेलं नव्हतं.

आता हा माझा रिपोर्ट बघा. वरच्या चार ओळींत नाव, वय, मोबाइल नंबर, डॉक्टरांचं नाव. कोपऱ्यात क्यूआर कोड. काही लॅबमध्ये तो स्कॅन केला की अख्खा रिपोर्ट उघडतो. अर्थ समजून घ्यायला यातलं काहीच लागत नाही. लागतं ते तपासणीचं नाव, आलेला आकडा, एकक आणि शेजारची नेहमीची मर्यादा. म्हणून वरचा भाग असा मागे दुमडायचा, कोडवर कोरा कागद ठेवायचा आणि मगच फोटो काढायचा. वय हवं असेल तर लिहून सांगा. फोनमधल्या हायलायटरनं नाव झाकू नका. तो रंग पारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालची अक्षरं दिसू शकतात.

आणि ‘बघतो’ म्हणजे आपल्या लॅबवाल्यासारखा नेमका वाचतो, असंही नाही. छपाई पुसट असेल तर क्रिएटिनिनचं 1.1 हे 11 वाचलं जाऊ शकतं आणि मग उत्तर वाचून घरात धावपळ. त्यामुळे आधी एवढंच विचारा: “तुला दिसलेले आकडे जसेच्या तसे लिही.” ते कागदाशी एकेक करून जुळवा. जुळले तरच अर्थ विचारा, आणि गोळी कमीजास्त करायची ती डॉक्टरांशी बोलूनच.

चॅटजीपीटी वापरत असाल तर सेटिंगमध्ये Data controls खाली Improve the model for everyone आहे, ते बंद करा. त्यानं तुमची पुढची संभाषणं त्यांच्या एआयला शिकवण्यासाठी जात नाहीत. फोटो मात्र त्यांच्या संगणकावर तरीही जातोच. कार्यक्रम संपल्यावर फोन घेऊन या, ते बटण कुठं आहे ते मी प्रत्येकाला दाखवतो.