भात तोच, मीटर तोच, आकडे वेगळे

«एकाच टोपातला भात खाऊन एकाची शुगर दीडशे नि दुसऱ्याची सव्वादोनशे? शक्यच नाही. एकतर मीटर बिघडलाय नाहीतर दुसरा चोरून गोड खातोय. भात तो भात, सगळ्यांच्या रक्तात तेवढीच साखर होते.»

हा फॉरवर्ड आमच्या फॅमिली ग्रुपवर आला आणि ताईने त्या दिवशी भावोजींच्या शर्टाचे खिसे तपासले, म्हणून लिहितोय.

कारण रविवारी म्हापशाला आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं हुमण, किसमूर, सोलकढी. दोघांनी सारखंच खाल्लं. पहिल्या घासापासून दोन तासांनी माझी आली १६२, भावोजींची २२८.

आधी मीटरचं. घरगुती मीटर अगदी तंतोतंत नसतो हे खरंय, १०० च्या वरची रीडिंग लॅबच्या आकड्यापेक्षा १५ टक्के इकडेतिकडे असली तरी ती चालते असं स्टँडर्डच आहे. म्हणजे माझी खरी शुगर साधारण १४१ ते १९१ मध्ये कुठेतरी, त्यांची १९८ ते २६८ मध्ये. दोन्ही पट्टे एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत, मग सगळं खापर मीटरवर कसं फोडणार? मीटर फसतो तो वेगळ्याच कारणाने. मे महिन्यात भावोजींनी मानकुराद सोलला, हात नुसता फडक्याला पुसला नि बोट टोचलं तर ३१२! साबणाने हात धुवून, कोरडा करून परत बघितलं तर १८४. बोटावरचा रस थेंबात मिसळला होता, बाकी काही नाही. (स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही हां, पाण्याने धुवायलाच हवं.)

आता चोरून खाण्याचं. जेवायच्या आधीची रीडिंग कुणी विचारतच नाही, ती माझी १०४ होती नि त्यांची १३१, म्हणजे २७ चा फरक पहिल्या घासाआधीच होता. वर मी सकाळी नाश्ता करून मार्केटात चालत जाऊन आलेलो, बांगडे मीच आणले, आणि भावोजी पेपर घेऊन खुर्चीत, नाश्ता टाळलेला कारण "दुपारी दाबून जेवायचंय". हे उलटं पडतं. चालून आलेले स्नायू रक्तातली साखर जास्त ओढतात, आणि सकाळी काही खाल्लेलं असलं की दुपारच्या जेवणाला शुगर बहुतेकदा कमी उसळते.

पण मुख्य गोष्ट तिसरी. पुढच्या रविवारी आम्ही भात किचनच्या वजनकाट्यावर मोजून घेतला, प्रत्येकी १८० ग्रॅम, आणि यावेळी एक तासानेही टोचलं. माझी १८८, त्यांची १९६, जवळजवळ सारखी! मग दोन तासांनी माझी उतरून १५०, त्यांची मात्र चढून २२१. म्हणजे भात दोघांच्या रक्तात पोचत होता, तो बाहेर काढण्याचा वेग वेगळा. पँक्रियाजमध्ये थोडं इन्सुलिन तयार भरून ठेवलेलं असतं, जेवायला लागल्यावर ते पहिल्या काही मिनिटांत सुटतं आणि लिव्हरला सांगतं की बाबा तू आता साखर सोडू नको, वरून येतेय. भावोजींना नऊ वर्षांचा टाइप टू, त्यात हा पहिला झटकाच मंदावतो, मग भाताची साखर येत असते आणि लिव्हरही आपली सोडतच असतं, दोन नळ एकदम चालू. मी बॉर्डरवर आहे, माझा नळ उशिरा का होईना बंद होतो.

बरं, डायबेटिस नसलेल्यांतही हे होतं. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने २०१५ साली ८०० लोकांना आठवडाभर सेन्सर लावून बघितलं, त्यांना डायबेटिस नव्हता, आणि तोच ब्रेड खाऊन कुणाची शुगर जेमतेम हलली तर कुणाची भसकन वर गेली. ग्लायसेमिक इंडेक्सचा, म्हणजे कुठल्या पदार्थाने शुगर किती चढते याचा, जो तक्ता अशा फॉरवर्डसोबत येतो ना, त्यातला आकडा म्हणजे दहाएक माणसांची सरासरी असते. त्या दहांतही एकमेकांत भरपूर फरक असतो, तो तक्त्यात दिसत नाही एवढंच.

म्हणून डॉक्टरांनी भावोजींची तुलना माझ्याशी केलीच नाही. त्यांचीच जेवणाआधीची नि नंतरची रीडिंग वहीत लिहायला सांगितली, आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला म्हणाले. गोळ्या त्याच ठेवल्या. तिसऱ्या रविवारी तोच भात, तेवढाच, आधी १२८ नि दोन तासांनी १८९. एकाच दिवसाचं आहे, त्याच माणसाची तेच जेवूनही दुसऱ्या दिवशी वेगळी येते, तेव्हा अजून तीनचार रविवार बघणार आहोत.

ताईने खाज्यांची पुडी मात्र अजून वरच्या फळीवरच ठेवलीय.