‘काही लागलं तर सांग हं!’

गणेशचतुर्थीला सोफ्यावरून हे वाक्य येतं ना, डोकंच फिरतं. सांगणं हेही कामच आहे हो!

पंधरा माणसं म्हणजे ५१ मोदक. सरावलेल्या हातालाही एका मोदकाला तीन मिनिटं लागतात, म्हणजे नुसतं वळायलाच अडीच तास. तोवर उकड गार होते, कोरडी पडते, पाऱ्या चिरतात, वाफवताना मोदक फुटून गूळ चाळणीत वाहतो. वर शेरा काय? ‘यंदा कळ्या नीट नाही पडल्या.’ अहो, एकटी सून एकाच वेळी उकड मळणार, मोदक वळणार, आरतीचं तबकही शोधणार?

चार नारळ आदल्या रात्री मुलाने आणि सासऱ्यांनी खवावेत. खवणीला बाई-पुरुष कळत नाही. सारण तेव्हाच शिजवून, गार करून फ्रिजमध्ये जातं. सकाळी उकड दोनदा काढायची, निम्मी निम्मी. एकाने तेल-पाण्याचा हात लावून ती गरम असतानाच मळायची, दोघांनी वळायचे, चौथ्याने कुकरपाशी उभं राहून दहा-बारा मिनिटांनी घाणा उतरवायचा. दीड तासात मोकळे! वळायला जमत नाही? मग मळा. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर टेबलाशी बसून वळता येतं, आणि कळ्या त्यांच्याच सुबक पडतात.

आणि जेवणाची पहिली पंगत पुरुषांचीच का? वाढणारे हात बदलले, की सुनेलाही गरम मोदकावर तूप मिळेल.