बोना फाइड नोटीस लिहिण्याची रीत

जुना भाडेकरू घर सोडत नाही, भाडेही देत नाही आणि तुमच्या मुलाचे लग्न ठरले आहे. म्हणजे नोटीस धाडण्याची वेळ आली. नोटीस एका पानात बसली पाहिजे, तेव्हा पहिली काळजी ही घ्या की त्या पानावर तुमची अडचण कुठेही दिसू नये. जागा मुळात थोडी, ती लॅटिनसाठी राखून ठेवा.

सुरुवात ‘बोना फाइड’पासून करावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६(१)(जी) मध्ये मालकाची गरज वाजवी आणि बोना फाइड असावी लागते, हे तुम्ही कुठेतरी ऐकलेले असतेच. मग नोटिशीत सरळ लिहा : ‘माझे अशिलांना सदर जागेची बोना फाइड गरज आहे.’ भाडेकरूच्या घरी शाळेत जाणारे मूल असेल तर ते हे वाचून सांगेल की बोनाफाईड शाळेच्या ऑफिसात मिळते, फोटो लागतो आणि वर्गशिक्षकांची सही लागते. तुमच्या अशिलाला दाखला मिळवायला दुसऱ्याचे घर कशाला लागते, हा प्रश्न त्या कुटुंबात दोन दिवस पुरेल.

हे टाळायचे असेल तर मराठी करा, पण बेताने. कोश उघडा, ‘सद्भावपूर्वक’ हा शब्द उचला आणि ‘सद्भावपूर्वक गरज’ असे लिहून मोकळे व्हा. सद्भाव हा माणसाच्या कृतीला चिकटणारा शब्द आहे. जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ म्हणतो की काम प्रामाणिकपणे केले की ते सद्भावाने झाले, मग त्यात हयगय असली तरी चालते. फौजदारी कायद्याला मात्र प्रामाणिकपणा पुरत नाही, त्याला योग्य ती काळजी आणि लक्षही हवे असते. घराच्या दाव्यात यातले काहीच विचारत नाहीत. तिथे विचारतात की गरज खरी आहे की भाडेकरूला हुसकवायला शोधलेले निमित्त. त्यामुळे ‘खरीखुरी व वाजवी गरज’ एवढे लिहिले तर शिपायालाही कळेल. आणि शिपायाला कळणारी नोटीस लिहायची तर वकिलाला फी कसली द्यायची?

गरज कोणाची, कशासाठी, हे तर मुळीच लिहू नका. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, थोरल्या मुलाचे लग्न ठरले आहे आणि दुसरी जागा नाही, ही माहिती पुढे कोर्टात उपयोगी पडण्याचा धोका असतो. तिथे कलम १६(२) प्रमाणे घर सोडायला लावले तर भाडेकरूची अडचण मोठी की नाही सोडले तर मालकाची, हे तोलतात. तोलायला तुमच्या पारड्यात सहा माणसे ठेवण्यापेक्षा एक वजनदार लॅटिन शब्द ठेवावा.

आता ‘प्रायमा फेसी’. याचे मराठी फार सुरेख आहे, ‘प्रथमदर्शनी’, आणि ते कोर्टात चांगले रुळले आहे. तात्पुरता मनाईहुकूम मागितला की न्यायाधीश पाहतात की प्रथमदर्शनी प्रकरण दिसते का, कोणाची गैरसोय जास्त होईल आणि भरून न येणारे नुकसान आहे का. पुरावा व्हायचा असतो, म्हणून ते पहिल्या नजरेपुरते बोलतात. तुम्ही हा शब्द स्वतःच्याच थकबाकीला लावा : ‘प्रथमदर्शनी तुम्ही ७ महिन्यांचे भाडे थकविल्याचे दिसून येते.’ पावतीपुस्तक तुमच्याच कपाटात आहे, तरी तुम्ही ते एकदाच आणि तेही लांबून पाहिले आहे, हे समोरच्या वकिलाला बरोबर समजते. तो उत्तरात नम्रपणे लिहितो की कृपया द्वितीयदर्शनही घ्यावे.

‘इप्सो फॅक्टो’साठी ‘आपोआप’ हा शब्द असताना ‘तद्तथ्यबलाने’ लिहा. ‘इन्टर एलिया’चे ‘इतर गोष्टींबरोबरच’ करा आणि इतर गोष्टी कोणत्या ते सांगू नका. हेतू वाईट असल्याचे सांगणारे ‘मॅला फाइड’ दोनदा तरी यावे, कारण ते वाचताना शिवी दिल्याचे समाधान मिळते आणि अब्रुनुकसानीचा दावाही सहसा होत नाही.

यानंतर मुदत. नमुन्याच्या नोटिशीत ‘१५ दिवसांचे आत’ असे छापलेले असते, ते तसेच राहू द्या. भाड्याच्या थकबाकीवरून घर मागायचे तर त्याच अधिनियमाचे कलम १५(२) सांगते की मागणीची लेखी नोटीस बजावल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय दावा चालत नाही. पण ९० हा आकडा फार साधा दिसतो. विसाव्या दिवशी दावा लावा आणि मुदतपूर्व म्हणून तो परत कसा येतो ते पाहा. यातली खरी गंमत वेगळीच आहे. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या घराच्या दाव्याआधी मालमत्ता हस्तांतरण कायद्याची भाडेपट्टा संपविण्याची नोटीस लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी १९७९ मध्येच धनपाल चेट्टियार प्रकरणात सांगून टाकले आहे. म्हणजे ज्या गरजेसाठी तुम्ही लॅटिन घासून लावले तिच्यासाठी नोटिशीची सक्ती नाही, आणि ज्या थकबाकीसाठी आहे तिथे रक्कम, महिने आणि मुदत या तिन्हींवर तुम्ही ‘प्रथमदर्शनी’ टाकून मोकळे झालात. काम अगदी नेटके झाले आहे.

काही हट्टी वकील मात्र पुढच्यासारखी नोटीस लिहितात. ती ओळखता यावी आणि टाळता यावी म्हणून इथे देतो :

‘माझे अशिलांचे सांगण्यावरून तुम्हांस कळविण्यात येते की, सदर खोली तुमच्याकडे दरमहा ४५० रुपये भाड्याने आहे. एप्रिल ते ऑक्टोबर २०२५ या ७ महिन्यांचे भाडे ३,१५० रुपये तुम्ही दिलेले नाही. ही नोटीस पोहोचल्यापासून ९० दिवसांचे आत ती रक्कम द्यावी. तसेच माझे अशिलांचे सहा जणांचे कुटुंब दोन खोल्यांत राहते, थोरल्या मुलाचे लग्न ठरले आहे व त्यांना दुसरी जागा नाही. त्यामुळे सदर खोलीची त्यांना राहण्यासाठी खरीखुरी व वाजवी गरज आहे. तरी ती रिकामी करून ताबा द्यावा, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल. कळावे.’

ही पोचपावतीसह पोस्टाने जाते आणि भाडेकरू ती एकट्याने वाचतो. अर्थ विचारायला त्याला शेजारी जावे लागत नाही, त्यामुळे वाड्यात तुमचा दरारा म्हणून काही उरत नाही. उलट तो पैसे घेऊन दारात उभा राहण्याची भीती असते.

तरीही दैवाने गरजेवरच दावा जिंकलात, तर ताबा घेतल्या घेतल्या खोली एजंटाला दाखवा. कलम १७ प्रमाणे महिनाभरात तुम्ही तिथे राहायला गेला नाहीत, किंवा वर्षाच्या आत ती दुसऱ्याला भाड्याने दिलीत, तर जुना भाडेकरू कोर्टात अर्ज करून जागा परत मागू शकतो. तेव्हा त्याला पाठवायच्या उत्तराचा मसुदा आजच करून ठेवा. सुरुवात ‘बोना फाइड’ने केलीत तरी चालेल, मुलाला तोवर शब्द पाठ झालेला असेल.