सगळं मिळून किती?

मिठाईच्या दुकानाला ऑनलाइन ऑर्डरची साइट हवी आहे आणि मालकांनी फोनवरच विचारलंय, "सगळं मिळून किती?" लगेच आकडा सांगून टाका. दोन दिवस मागितलेत तर त्यांना वाटेल, तुम्हाला काम येत नाही. 300 तास, तासाला 1,500 रुपये, म्हणजे साडेचार लाख. फिक्स.

प्रपोजलमध्ये "ऑनलाइन पेमेंट – 20 तास" एवढीच ओळ लिहा. गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेले पण ऑर्डर नोंदलीच नाही तर काय, पेढे संपले म्हणून अर्ध्या ऑर्डरचे पैसे परत कसे करायचे, आधीच फाडलेल्या जीएसटी बिलाचं काय, यातलं काही लिहू नका. कामात काय धरलेलं नाही याची यादी तर मुळीच जोडू नका; शुभकार्यात अपशकुन कशाला? मालक हे सगळं त्या एका ओळीतच धरतील, आणि त्यांचं तरी काय चुकलं? पेमेंट घेणाऱ्याला रिफंडही द्यावा लागतो, हे गल्ल्यावर बसणाऱ्याला शिकवावं लागत नाही. अशा तीन-चार ओळी निघाल्या आणि 300 चे 400 तास झाले, की तुमचा दर 1,125 वर उतरतो. पगार मात्र उतरत नाहीत.

धडा घेऊन पुढच्या कोटेशनात गुपचूप 40 टक्के चढवा. काम सुरळीत झालं तर मालकांनी न आलेल्या संकटाचे पैसे भरले. नाही झालं, तर तुम्ही टेस्टिंगला कात्री लावालच. फिक्स किमतीत ती कुणाला दिसत नाही, दिवाळीच्या गर्दीत साइट बसेपर्यंत.

आता तुम्हीच मालक असाल, तर तासाप्रमाणे काम द्या आणि निश्चिंत झोपा. दर आठवड्याला टाइमशीट मागू नका. महिनाअखेर "बग फिक्सिंग – 46 तास" अशी सुटसुटीत ओळ येईल. त्यातले किती तास तुमच्या नव्या मागण्यांचे आणि किती त्यांच्याच चुका निस्तरण्याचे, असले कोते प्रश्न विचारू नका. उलट रोज सकाळी "रंग जरा सणासुदीचा करा" असा निरोप पाठवत राहा. मीटर चालूच आहे.

दोन्ही बाजूंना पटेल असा तोडगाही आहे: तासाप्रमाणे बिल, पण साडेचार लाखांच्या वर नाही. काम 260 तासांत संपलं तर तुम्हाला, म्हणजे करणाऱ्याला, 3,90,000 मिळतील. 400 तास लागले तरी साडेचार लाखच. वाचलेले तास मालकांचे, वाढलेले तुमचे. सही करा. आधी दोन आठवड्यांचं वेगळं, पैसे घेऊन केलेलं, साइटला काय काय लागेल याच्या तपासणीचं काम आणि मग आकडा, असं सुचवणाऱ्यांच्या नादी लागू नका.

शेवटचा 30 टक्क्यांचा हप्ता मात्र "साइट लाइव्ह झाल्यावर" असाच लिहा. लाइव्ह व्हायला मिठाईचे फोटो लागतात आणि ते मालकांनी द्यायचे आहेत. दिवाळीनंतर देतो म्हणालेत. कोणत्या दिवाळीनंतर, ते प्रपोजलमध्ये घालू नका.